ॲपमध्ये हिरवा रंग, वावरात भिजलेला कांदा: अलर्ट असूनही फसगत का होते?

तक्रार दरवर्षी मार्च ते मे या काळात हमखास येते, आणि शब्दही जवळपास तेच असतात: "ॲपवर पाऊस नव्हता, तरी आला." नाहीतर उलटं: "दोन दिवस पिवळं दाखवत होतं, थेंबही पडला नाही." तिसरी तक्रार बाजारातून परतताना: "मोबाइलवर सोळाशे, हातात अकराशे." या तिन्ही तक्रारींमध्ये ॲप क्वचितच बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा आकडा बरोबर असतो, पण ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो वाचला जातो, तो प्रश्नच वेगळा असतो. कुठे काय तपासायचं, हे निफाड तालुक्यातल्या एका उन्हाळ कांद्याच्या उदाहरणावरून पाहू. शेतकऱ्याला अण्णा म्हणू. मोबाइल हाताळायला सोबत पुतण्या आहे. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, चुका मात्र अगदी नेहमीच्या.

काय घडलं

अण्णांचा दोन एकर कांदा. निम्म्याहून जास्त माना पडल्या होत्या, पाणी तोडून तीन आठवडे झाले होते, म्हणजे कांदा काढणीला आला होता. मजुरांची टोळी बुधवारी मिळणार होती. मंगळवारी रात्री अण्णांनी हवामान विभागाचं 'मौसम' ॲप उघडलं. नाशिक जिल्हा बुधवार, गुरुवार, शुक्रवार हिरवा, शनिवार पिवळा. "तीन दिवस मोकळे आहेत," म्हणून बुधवारी दोन्ही एकर काढून पातीसकट वावरात पसरला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता वीस मिनिटं सर आली. जमीन पुरती भिजली नाही, पण पसरलेला कांदा भिजला.

"अरे, हिरवं होतं ना? मग हा पाऊस कुठून आला?"

"हिरवं म्हणजे इशारा नाही, अण्णा. पाऊस नाही असं कुठे लिहिलंय?"

पुतण्याचं बरोबर आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच एका गैरसमजाने होतं.

रंग कशाचा असतो

हवामान विभागाचा रंग धोक्याचा असतो, पावसाचा नव्हे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हा धोका जिल्ह्यातल्या सगळ्या लोकांचा, रस्त्यांचा, नद्यांचा धरलेला असतो. विभागाच्या भाषेत 'जोरदार पाऊस' 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. त्याखाली 15.6 ते 64.4 हा मध्यम पाऊस आणि 2.5 ते 15.5 हलका. हलक्या पावसाचा अंदाज असताना नकाशा खुशाल हिरवा राहू शकतो. विजा किंवा सोसाट्याचा वारा अपेक्षित असेल, तर पाऊस थोडा असूनही पिवळा रंग येतो.

भात लावणाऱ्याला 3 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. वाळत पडलेल्या कांद्याला तेवढे पुरतात. हिशोब सोपा आहे: एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 100 लिटर पाणी. 3 मिलिमीटरचे झाले 300 लिटर, म्हणजे शंभर चौरस मीटर पसरलेल्या मालावर दीड ड्रम पाणी ओतल्यासारखं. अर्धवट वाळलेल्या मानेतून ते आत शिरतं आणि कूज पुढे साठवणीच्या कांदाचाळीत दिसते, तेव्हा त्या सरीची आठवणही राहिलेली नसते.

म्हणून काढणीचा निर्णय रंगावर घ्यायचा नाही, मिलिमीटरवर घ्यायचा. तो आकडा 'मेघदूत' ॲपमध्ये मिळतो. भाषा मराठी आणि जिल्हा निवडला की पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढगांचं आच्छादन दिसतं. ढगांचा आकडा आठपैकी असतो: 0 म्हणजे स्वच्छ आभाळ, 8 म्हणजे पूर्ण झाकोळ. त्याच मंगळवारी अण्णांनी मेघदूत उघडलं असतं, तर बुधवार 0, गुरुवार 0, शुक्रवार 3, शनिवार 6, रविवार 0 असं दिसलं असतं, आणि ढग बुधवारच्या 1 वरून शुक्रवारी 6 वर गेलेले. जिल्ह्याच्या अंदाजातले हे 3 मिलिमीटर म्हणजे आपल्या वावरात मोजून 3 पडतील असं नाही. कुठे शून्य, कुठे बारा. पण कोरड्या आठवड्यात मधेच शून्य सोडून आकडा उमटतोय आणि ढग चढतायत, एवढी खूण कांद्यासाठी पुरेशी आहे.

मेघदूतमधला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. सोमवारी वाचाल तो शुक्रवारचा असेल, तेव्हा सल्ल्यावरची तारीख आधी पाहा.

"काही ठिकाणी" म्हणजे किती ठिकाणी

दुसरी बाजूही बघायला हवी, कारण न आलेल्या पावसामुळे लोक ॲप काढून टाकतात आणि पुढच्या वेळी खरोखर फसतात. बातमीपत्रातले शब्द मोघम वाटले तरी मोघम नाहीत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के, त्यापुढे 'बऱ्याच ठिकाणी' 75 पर्यंत, आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतेक ठिकाणी'. उन्हाळ्यातल्या वळवाचा इशारा बहुतेक वेळा 'तुरळक ठिकाणी' असाच असतो. म्हणजे तो तंतोतंत खरा ठरला, तरी चारातल्या तीन ठिकाणी लोक "काही आलं नाही" असंच म्हणणार.

त्यात नाशिक जिल्हा एकसारखा नाही. इगतपुरीच्या घाटात जेवढा पाऊस पडतो, त्याचा लहानसा हिस्साच निफाड-येवल्याकडे येतो. पावसाळ्यात जिल्हा नारिंगी झाला, तर इशारा पूर्ण वाचा. हल्ली घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. नुसता रंगाचा फोटो ग्रुपवर फिरतो, त्यातून ही ओळ गळून पडते. फिरत आलेल्या फोटोवर तारीख नसेल तर तो पाहूच नये, गेल्या वर्षीचाही असू शकतो.

आणखी एक खोच: इशाऱ्याचा 'आजचा दिवस' मध्यरात्री संपत नाही. हवामान विभागाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30. शुक्रवारचा इशारा शनिवारी पहाटेलाही लागू असतो. रडार किंवा उपग्रहाचं चित्र पाहत असाल, तर त्यावरची वेळ बऱ्याचदा `UTC` असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. `11:20 UTC` म्हणजे आपले दुपारचे 4:50. हे न कळल्यामुळे ताजं चित्र लोकांना सहा तास शिळं वाटतं.

इशारा आला होता, फोनने वाजवला नाही

शुक्रवारी दुपारी अण्णांच्या फोनमध्ये 'दामिनी' होतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे विजेचं ॲप, फोन जिथे आहे त्याच्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. पण फोन गप्प राहिला. असं झालं की आधी खापर ॲपवर फुटतं. खरं कारण शोधायचा एक साधा मार्ग अँड्रॉइड फोनमध्येच आहे:

```
Settings > Notifications > Notification history
```

ही नोंद आधीपासून चालू ठेवलेली असावी लागते, म्हणून आजच चालू करा. पुढच्या वेळी इशारा हुकला की इथे बघायचं. नोंद आहे पण वेळ उशिराची, तर फोनने ॲपला झोपवलं होतं. नोंदच नाही, तर परवानगी किंवा लोकेशनची गडबड. नोंद वेळेवर आहे, तर आवाज बंद होता किंवा फोन घरी चार्जिंगला होता; हा भाग कोणत्याही सेटिंगने सुटत नाही.

अण्णांच्या फोनमध्ये दामिनीची नोंदच नव्हती. कारण फार नेहमीचं निघालं. दामिनी गेल्या जूनमध्ये उघडलेलं, नंतर दहा महिने हात लावलेला नाही. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपण होऊन काढून घेतं. चिन्ह जागच्या जागी दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं ॲप पहाऱ्यावर आहे. पुतण्याने ॲपचं चिन्ह दाबून धरलं, `App info` उघडलं आणि चार गोष्टी केल्या:

```
Notifications              : On
Permissions > Location     : Allow all the time
                             Use precise location: On
Battery                    : Unrestricted
Pause app activity if unused : Off
```

कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. शेवटच्या ओळीच्या जागी काही फोनांत `Remove permissions if app is unused` दिसेल, तर बॅटरीच्या ओळीत `No restrictions`. `Location` मध्ये फक्त `While using the app` ठेवलं, तर ॲप बंद असताना फोन कुठे आहे हे ॲपला कळत नाही आणि इशारा येत नाही. काही फोनांत याशिवाय `Autostart` नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करावं लागतं. बॅटरी थोडी जास्त खर्च होते. एप्रिल-मे आणि परतीचा पाऊस, एवढ्या काळापुरती ती होऊ द्यावी.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे दामिनी फोनच्या मागे येतं, वावराच्या नाही. तुम्ही नाशिकला लग्नाला गेलात, तर इशारा नाशिकचा मिळेल. अशा दिवशी घरी राहणाऱ्याच्या फोनमध्येही ॲप हवं. आणि वस्तीवर डेटा तुटक चालत असेल, तर `Settings` मध्ये `Wireless emergency alerts` शोधून चालू ठेवा. तो संदेश मोबाइल टॉवरवरून थेट येतो, इंटरनेट लागत नाही. मात्र तो मोठ्या आपत्तीसाठी असतो, वीस मिनिटांच्या सरीसाठी त्याची वाट पाहू नये.

तीन तासांत काय होऊ शकतं, काय नाही

हवामान विभागाचा तात्काळ अंदाज पुढच्या तीन तासांपुरता असतो. मौसम ॲपमध्ये तो `Nowcast` या नावाने दिसतो. दामिनीतली वीज त्याहून जवळची. ढग ताशी 30 किलोमीटरने सरकत असेल, तर 20 किलोमीटरवरची वीज म्हणजे हातात साधारण 40 मिनिटं. ढगाची दिशा समजण्यासाठी एकदा पाहून पुन्हा पंधरा मिनिटांनी पाहावं. खुणा आपल्याकडे सरकल्या असतील तर उठावं. वळवाचा पाऊस बहुधा विजांसह येतो, म्हणून हे विजेचं ॲप या दोन महिन्यांत पावसाचा भोंगा म्हणूनही चालतं. विजा जवळ आल्या की उघड्या वावरात माणसं ठेवायची नाहीत, हे त्याचं मूळ काम. ताडपत्रीच्या घाईत ते विसरलं जातं.

पण 40 मिनिटांत दोन एकरांवर पसरलेला कांदा कोणी गोळा करू शकत नाही. तेवढ्या वेळात आधीच घातलेले ढीग झाकता येतात, इतकंच. म्हणून कामं अंदाजाच्या मुदतीला जोडून ठेवावी लागतात. किती काढायचं हे पाच दिवसांच्या मिलिमीटरवर ठरतं, कारण काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वावरात सुकवावा लागतो आणि तेवढा काळ तो उघडा असतो. पात कापून ढीग घालायचा निर्णय उद्याच्या अंदाजावर. ताडपत्री ओढायची तात्काळ अंदाजावर. अण्णांनी यातला पहिलाच निर्णय रंगावर घेतला आणि उरलेल्या दोन्हींसाठी वेळच उरला नाही.

त्या मंगळवारी 0, 0, 3, 6, 0 हे आकडे समोर असते, तर बुधवारी टोळीकडून अर्धा एकर काढून घेता आला असता. तो गुरुवारी संध्याकाळी पातीसकटच लांबट ढिगांत रचून, शुक्रवारी दुपारी झाकून, सर ओसरल्यावर बाजू उघडून, शनिवारचा पाऊस गेल्यावर पुन्हा पसरता आला असता. बाकीचा दीड एकर रविवारनंतर. माना नुकत्या पडलेल्या असतील, तर चार-पाच दिवसांची वाट कांदा सोसतो. त्याहून फार लांबवलं तर पापुद्रा सुटतो, तेव्हा हा उपाय दर आठवड्याला लावत बसायचा नाही.

ढीग झाकताना एक चूक फार होते: उन्हात तापलेल्या कांद्यावर प्लास्टिक टाकून रात्रभर तसंच ठेवणं. आत घाम धरतो आणि न भिजलेला कांदाही खराब होतो. पाऊस थांबला की बाजू लगेच उघडायच्या, मग रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

भाव: सोळाशे कुणाचे, अकराशे कुणाचे

आता बाजार. राज्य पणन मंडळाच्या msamb.com वर किंवा केंद्राच्या 'ॲगमार्कनेट'वर प्रत्येक बाजार समितीची ओळ असते: आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर, सगळे क्विंटलला. एका बाजाराची ओळ अशी धरू: कमीत कमी 600, जास्तीत जास्त 1,621, सर्वसाधारण 1,250. अण्णांच्या डोक्यात 1,621 बसला. तो त्या दिवशीच्या एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण म्हणजे ज्या दराला बहुतांश माल गेला तो. म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या बरोबर मध्ये तो असेलच असं नाही.

दर जुळत नाही तेव्हा तीन ठिकाणी नजर टाका. आधी तारीख: बाजाराने आज माहिती भरली नसेल, तर कित्येक ॲप कालची किंवा परवाची ओळ तशीच दाखवतात. मग प्रत: 'लाल', 'उन्हाळी', 'लोकल', 'पांढरा' यांच्या ओळी वेगळ्या असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळी एकाच बाजारात शेजारी-शेजारी दिसतात. शेवटी बाजाराचं नाव: 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' या तीन वेगळ्या ओळी आहेत. पहिलीच ओळ वाचून ट्रॅक्टर दुसऱ्याच आवारात नेला, तर दर जुळणार कसा?

एवढं करूनही फरक उरतो, कारण आपला माल आपला असतो. तो फरक मोजता येतो. पुतण्याने अण्णांच्या गेल्या तीन विक्रीच्या हिशोबपट्ट्या काढल्या आणि त्या त्या दिवसाचा सर्वसाधारण दर शेजारी लिहिला:

```
पट्टी 1,080   सर्वसाधारण 1,250   →  86 टक्के
पट्टी   930   सर्वसाधारण 1,100   →  85 टक्के
पट्टी 1,190   सर्वसाधारण 1,400   →  85 टक्के
```

म्हणजे अण्णांचा माल सर्वसाधारणच्या 85 टक्क्यांच्या आसपास जातो. कारण पट्टीवर नाही, ट्रॉलीत दिसतं: गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा न काढता सगळं एकत्र भरलेलं. व्यापारी वरचा माल पाहून नाही, ट्रॉलीचा मागचा फाळका उघडल्यावर खाली काय घसरतं ते पाहून बोली लावतो. गोल्टी निवडून वेगळी नेली, तर हे प्रमाण बदलेल, आणि बदललं की नाही हे पुढच्या तीन पट्ट्या सांगतील. तोवर ॲपवर 1,300 दिसले, तर अण्णांनी घरी 1,105 धरायचे.

हेच प्रमाण लांबच्या बाजाराला जावं का, यालाही लागतं. जवळचा बाजार 14 किलोमीटरवर, ट्रॉलीचं भाडं 1,500. लांबचा 40 किलोमीटरवर, भाडं 3,300. ट्रॉलीत 30 क्विंटल. जादा खर्च 1,800, म्हणजे क्विंटलमागे 60 रुपये. लांबच्या बाजाराचा सर्वसाधारण दर 70 रुपयांनी जास्त दिसतोय. वरवर दहा रुपयांचा फायदा. पण अण्णांच्या वाट्याला 70 चे 85 टक्के येणार, साडेएकोणसाठ. गेला फायदा, वर दिवस मोडला तो वेगळाच. दराचा फरक शंभराच्या पुढे गेल्याशिवाय या ट्रॉलीने लांब जाऊ नये.

आवकेचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. पावसाचा अंदाज आला की तो आधी पाहावा. शुक्रवारी सर पडली, की शनिवारी-सोमवारी भिजलेला माल चाळीत टाकता न येणारे सगळे एकदम बाजार गाठतात. आवक फुगते आणि ओल्या मालाची बोली वेगळीच पडते. अण्णांचा निम्मा भिजलेला कांदा त्या गर्दीत गेला. ज्यांचा कोरडा माल चाळीत होता, त्यांनी तीन दिवस ओळ बघत आवक उतरू दिली. चाळीत जागा असेल, तर तेवढंच करायचं. अण्णांनी भिजलेल्यातला उरलेला निम्मा सावलीत पातळ पसरून ठेवला आहे. माना पिरगळून पाहिल्या तर अजून ओल्या लागतात, म्हणून तो चाळीत भरायचा नाही, कोरडी बोली लागेल तितका निवडून आधी विकायचा.